माळ्याला दिलेली कुंड्यांची चिठ्ठी: उन्हाळा-पावसाळा वापरल्यानंतर

मार्चपासून ही चिठ्ठी अंगणातल्या कुंड्यांवर चालू आहे. कोणत्या कुंडीला काय, आठवड्याचं काम कोणतं, काय करू नये, सगळं तिच्यात आहे. तरी मे महिन्यात लिंबू वाळायला लागलं, तेही रोज पाणी मिळत असताना. दोष एकाच ओळीचा: "खालून पाणी निघेपर्यंत घाला."

आपल्याकडची काळी माती कुंडीत ही ओळ खोटी पाडते. ती वाळली की आकसते आणि कुंडीच्या काठापासून बोटभर सुटते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरतं, ताटली भरते, आणि माळी पुढच्या कुंडीकडे जातो. मधला मुळांचा गोळा कोरडाच. पानं मलूल दिसली की आणखी पाणी पडतं, तेही त्याच वाटेनं जातं. ओळखायचं सोपं आहे: पाणी घातल्याबरोबर खालून धार लागली, तर ते मातीत मुरलेलंच नाही. मातीची कुंडी बोटानं ठोकून पाहा. कोरडी खणखणते, ओली बद्द वाजते.

लहान कुंडी अर्ध्या उंचीपर्यंत पाण्याच्या टबात ठेवायची आणि वरची माती ओलसर दिसली की काढायची. लिंबाची सोळा इंची कुंडी उचलत नाही. तिच्या फटीत रेती आणि शेणखत समसमान मिसळून भरायचं, मग एक मग्गा हळू ओतायचा, दहा मिनिटं थांबायचं आणि दुसरा ओतायचा. पुढच्या वेळी कुंडी बदलताना मातीतच तिसरा हिस्सा रेती घालावी, म्हणजे हा व्याप कमी होतो.

मेपर्यंत ही चिठ्ठी बिनकामाची वाटत होती. पावसाळ्यात मत बदललं, कारण "करू नये" हा भाग खरंच कामाचा निघाला. अडेनियम झडीत छपराखाली, आणि माती पूर्ण वाळल्याशिवाय थेंबही नाही. बुडखा दाबून मऊ लागला तर सड सुरू झाली समजायचं. तुळशीच्या मंजिऱ्या दर आठवड्याला खुडायच्या. मोगऱ्याची छाटणी फेब्रुवारीत, पावसात कात्री लावायची नाही. उन्हात पडलेल्या पाइपातलं पहिलं पाणी चटके देतं, ते आधी बादलीत सोडायचं. युरियाची चिमूट माळी मायेनंच टाकतात, पण कोरड्या कुंडीत ती मुळं जाळते. त्यापेक्षा बारा इंची कुंडीला महिन्यातून मूठभर निंबोळी पेंड पुरते.

चिठ्ठी खिशात भिजते, फाटते. म्हणून कुंडीवरच चुन्याची खूण करा: एक रेघ म्हणजे रोज पाणी, दोन म्हणजे बोट घालून पाहूनच, फुली म्हणजे विचारल्याशिवाय नाही. पावसाळ्यात चुना धुऊन जातो, तेव्हा ऑइलपेंट वापरा.

ती ओळ आता अशी आहे: "भाऊ, आधी फट पाहा. फट असेल तर बुजवा, मग दोनदा थोडं थोडं पाणी द्या. ताटलीत साचलेलं संध्याकाळी ओतून टाका."