क्वेस्ट ३ आणि फोन: आठ महिने कास्टिंग केल्यावर

मी कोल्हापुरात घरांचं इंटिरिअर करते. आठ महिन्यांपूर्वी क्वेस्ट ३ हा मेटाचा व्हीआर हेडसेट घेतला, तो क्लायंटला स्वयंपाकघर बांधण्याआधी आतून फिरवून दाखवायला. एकजण हेडसेट घालतो आणि घरातले बाकीचे त्याला काय दिसतंय ते माझ्या फोनवर बघतात. त्यामुळे गेम कसे चालतात हे मी सांगणार नाही. फोन जोडणं, हेडसेटमधलं चित्र फोनवर दाखवणं म्हणजे कास्ट करणं आणि ते चित्र मागे न राहू देणं, एवढ्याचाच माझा अनुभव आहे.

जोडणी सोपी आहे. फोनवर Meta Horizon अॅप घ्यायचं, ब्लूटूथ आणि लोकेशन चालू ठेवायचं, हेडसेटमध्ये दिसणारा कोड जुळवायचा. लोकेशन कशाला, असं मलाही वाटलं होतं. पण अँड्रॉइड ११ पर्यंतच्या फोनवर आसपासची ब्लूटूथ उपकरणं शोधायला अॅपला ती परवानगी लागते, आणि ती नाकारली की अॅप नुसतं शोधत बसतं. नंतर मी फोन बदलला तेव्हा हेडसेट रिसेट करावा लागेल या भीतीने दोन दिवस काढले. तसं काही लागलं नाही. नव्या फोनवर त्याच खात्याने लॉगिन केलं आणि हेडसेट यादीत आला.

माझा खरा गोंधळ पुढे झाला. ब्लूटूथने जोडलंय म्हणजे चित्रही ब्लूटूथनेच येत असणार, असं मी धरून चालले होते. कास्ट अडकलं की मी जोडणी तोडून पुन्हा करायची. ब्लूटूथ फक्त ओळख करून द्यायला लागतं. चित्र सगळं वायफायवरून येतं आणि त्यासाठी फोन आणि हेडसेट एकाच नेटवर्कवर असावे लागतात. गेस्ट नेटवर्कवर बहुतेक राऊटर उपकरणांना एकमेकांशी बोलू देत नाहीत, त्यामुळे इंटरनेट छान चालतं पण कास्ट काही सुरू होत नाही. फोनवर व्हीपीएन चालू राहिला तरी हेच होतं. माझ्या फोनवर एका बँकेच्या कामासाठी घेतलेला व्हीपीएन होता. तो बंद करायचं सुचायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली.

आता लॅगबद्दल. एका काकूंना ओट्यापाशी उभं केलं होतं. त्यांच्या सूनबाई फोनवर बघून सांगत होत्या, "आई, तो डावीकडचा कप्पा बघा, मसाल्याचा." काकू म्हणाल्या, "अगं, मी कधीच पुढं आले, आता फ्रिजपाशी आहे." फोनवर अजून ओटाच दिसत होता. काकूंना स्वतःला काहीच अडचण नव्हती, कारण हेडसेट चित्र आतल्या आत तयार करतो आणि डोळ्यांना लगेच दाखवतो. कास्टचा उशीर फक्त बघणाऱ्याला असतो. म्हणून कोणी गरगरतंय म्हणालं तर कास्टिंगला दोष देऊ नका, त्याचं कारण वेगळं असतं. पण बाहेरून सूचना द्यायच्या असतील तर दीड-दोन सेकंदांचा उशीर काम बिघडवतो.

हा उशीर मोजायची एक साधी रीत मला सापडली. हेडसेट घातलेल्या माणसाच्या हातात कास्ट चालू असलेला फोन छातीशी धरायला द्यायचा आणि दुसऱ्या फोनने दोन्ही एका चौकटीत येतील असा सेकंदाला ६० फ्रेमचा व्हिडिओ काढायचा. त्याला मान एकदम झटक्यात वळवायला सांगायची. मग तो व्हिडिओ संगणकावर व्हीएलसीमध्ये लावून E दाबत एकेक फ्रेम पुढे जायचं. मान हलल्यापासून फोनवरचं चित्र हलेपर्यंतच्या फ्रेम मोजायच्या आणि ६० ने भागायचं. माझ्या ऑफिसात पहिल्यांदा ११० फ्रेम आल्या, म्हणजे जवळजवळ १.८ सेकंद.

कारण शोधलं तर राऊटरवर २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ या दोन्ही पट्ट्यांना एकच नाव होतं, आणि हेडसेट गुपचूप २.४ वर जाऊन बसला होता. त्या पट्टीवर शेजारच्या सगळ्या घरांचं वायफाय, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. राऊटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं दिली, फोन आणि हेडसेट दोन्ही ५ वाल्या नावाला जोडले आणि २.४ चा पासवर्ड हेडसेटमधून पुसून टाकला. पुन्हा मोजलं तर ३१ फ्रेम, अर्ध्या सेकंदाच्या आसपास. मात्र ५ गिगाहर्ट्झ भिंतीला लवकर दमतं. राऊटर बाहेरच्या खोलीत आणि आम्ही आत असलो की आकडा परत वाढायचा, म्हणून मी राऊटर बैठकीच्या खोलीतच आणला.

साइटवर वायफाय नसतं. तिथे मी फोनचा हॉटस्पॉट लावते आणि हेडसेट त्याला जोडते. नाइलाज म्हणून सुरू केलं, पण चित्र ऑफिसपेक्षा जास्त नितळ आलं. विचार केल्यावर उमगलं. राऊटर असताना प्रत्येक फ्रेम हवेतून दोनदा जाते, एकदा हेडसेटकडून राऊटरकडे आणि मग राऊटरकडून फोनकडे. हॉटस्पॉटमध्ये मधला टप्पाच नाही. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये पट्टी ५ गिगाहर्ट्झ निवडावी लागते, कारण बऱ्याच फोनवर ती आधीपासून २.४ असते. मोबाइल डेटा मी चालूच ठेवते. एप्रिल-मेच्या उन्हात मात्र फोन तापतो आणि तापला की कास्ट अडखळू लागतं. मी फोन सावलीत ठेवते आणि त्याचं जाड कव्हर काढते.

कास्ट अर्धा तास चालू राहिलं की उशीर हळूहळू साचत जातो, हेही माझ्या लक्षात आलं. अशा वेळी वायफायला हात लावत नाही. Cast थांबवून पुन्हा सुरू केलं की आकडा मूळ जागी येतो.

मोठ्या सादरीकरणाला मी वायर वापरते. फोनच्या अॅपमधून हेडसेटचा डेव्हलपर मोड चालू करायचा (त्यासाठी डेव्हलपर खातं काढावं लागतं), यूएसबीने लॅपटॉपला जोडायचं, हेडसेटमध्ये येणारी परवानगी द्यायची आणि लॅपटॉपवर आधी घेऊन ठेवलेल्या adb आणि scrcpy या प्रोग्रॅमच्या या दोन कमांड द्यायच्या, दुसरीने हेडसेटचं चित्र लॅपटॉपवर येतं:

```
adb devices
scrcpy -m 1280 -b 8M --no-audio
```

पहिल्या ओळीचं उत्तर `unauthorized` असं आलं, तर हेडसेट डोक्यावर चढवून परवानगीचा चौकोन शोधा, तो आतच वाट बघत असतो. `--no-audio` विसरलात तर आवाज लॅपटॉपकडे जातो आणि हेडसेट घातलेल्याला काही ऐकू येत नाही. वायरने माझ्याकडे ८ फ्रेम आल्या. चित्र दोन डोळ्यांची दोन वर्तुळं असं दिसतं, त्यामुळे टीव्हीवर लावल्यावर लोक आधी गोंधळतात. आणि वायर असली की माणूस मोकळेपणी फिरत नाही, म्हणून घरगुती भेटीत मी फोनच वापरते.

अजूनही जपावं लागतं ते हेडसेट एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर जाताना. दोन भिंगांच्या मध्ये एक सेन्सर आहे. डोकं दूर झालं की तो हेडसेटला झोपवतो आणि कास्टही तुटतं. काकूंनी हेडसेट काढला की मी लगेच अंगठा त्या सेन्सरवर ठेवते, सूनबाईंच्या कपाळाला टेकेपर्यंत उचलत नाही.