राउटर नसलेल्या गाळ्यात वाय-फाय डायरेक्टचा प्रिंटर : हळदीच्या एका सीझननंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानात मी हिशेब बघतो. पेढीवर ब्रॉडबँड आहे, पण माल उतरतो तो गाळा मागच्या बाजूला आणि तिथे ना वायर ना राउटर. सौदा झाला की वजनं, दर, हमाली, तोलाई असं सगळं मी मोबाईलच्या बिलिंग ॲपमध्ये भरतो. पट्टी व्हॉट्सॲपवर जाते, तरी शेतकऱ्याला हातात कागद लागतो. कवठेमहांकाळकडचे एक आण्णा तर स्पष्टच म्हणाले, "मोबाईलात कशाला घालताय? घरात दाखवायला कागुद द्या की." त्यासाठी दरवेळी पेढीवर पळायचं नाही, म्हणून शेठनी इंक टँकचा वाय-फाय डायरेक्टवाला प्रिंटर थेट गाळ्यातच आणून ठेवला. तेव्हापासून पूर्ण सीझन तो वापरला. मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाही, कारण खाली लिहिलेलं बरंचसं कुठल्याही कंपनीच्या अशा प्रिंटरला लागू होतं.

वाय-फाय डायरेक्टमध्ये प्रिंटर स्वतःच एक छोटं वाय-फाय नेटवर्क सुरू करतो. मोबाईल त्याला जोडला की प्रिंटरच त्याला आयपी पत्ता देतो आणि दोघांत सरळ बोलणं सुरू होतं. मोबाईलच्या वाय-फाय यादीत ते नेटवर्क `DIRECT-` ने सुरू होणाऱ्या नावाने दिसतं, पुढे दोन अक्षरं आणि बहुतेक वेळा मॉडेलचं नाव. इंटरनेटचा इथे काही संबंध नाही. सिमला रेंज नसली तरी छपाई होते.

आता खरी गोम. या नेटवर्कला जोडायच्या दोन वाटा आहेत आणि दुकानदार त्यातली एकच दाखवतो. आमच्याकडे प्रिंटर बसवायला आलेल्या पोराने वाय-फायची यादी उघडली, `DIRECT-` वर बोट ठेवलं, पासवर्ड टाकला, टेस्ट पेज काढलं आणि गेला. ही पहिली वाट. यात मोबाईलला वाटतं आपण नेहमीच्या वाय-फायला जोडलोय. मग तो इंटरनेट आहे का ते तपासतो, सापडत नाही, आणि विचारतो की या नेटवर्कवर इंटरनेट नाही, तरी जोडलेलं ठेवायचं का? 'हो' म्हणालात तर प्रिंट निघते, पण मोबाईल डेटा बाजूला पडतो. 'नाही' म्हणालात किंवा सूचनेकडे लक्ष गेलं नाही, तर फोन हळूच मोबाईल डेटावर परततो आणि प्रिंटच्या यादीतून प्रिंटर गायब होतो. बरेच जण इथेच "प्रिंटर खराब निघाला" म्हणून दुकानात फोन लावतात.

'हो' म्हटल्याचा त्रास मात्र प्रिंटरजवळ दिसतच नाही, म्हणून तो पटकन कळत नाही. आमच्या तोलाईवाल्या दाजींच्या फोनवर एकदा पासवर्ड टाकून दिला. पुढचे काही दिवस ते गाळ्यात आले की त्यांचं यूपीआय अडायचं, व्हॉट्सॲपवर नुसतं घड्याळ फिरायचं, आणि बाहेर चहाच्या टपरीवर गेले की सगळं व्यवस्थित. दाजी सिमकार्ड बदलायला निघाले होते. झालं असं होतं की फोनने ते नेटवर्क लक्षात ठेवलं होतं आणि गाळ्याच्या दारात पाऊल पडताच तो आपणहून प्रिंटरला चिकटत होता. त्या नेटवर्कच्या तपशिलात जाऊन आपोआप जोडण्याचा पर्याय बंद केला आणि त्रास संपला. गाळ्यात इंटरनेट जातं आणि दाराबाहेर येतं असं दिसलं, तर रेंजला शिव्या देण्याआधी वाय-फायला कोणतं नाव जोडलंय ते बघा.

दुसरी वाट म्हणजे खरं वाय-फाय डायरेक्ट, आणि रोजच्या कामाला हीच घ्यावी. यात वाय-फायच्या यादीकडे जायचंच नाही. वाय-फाय नुसतं चालू ठेवायचं, पट्टीची पीडीएफ उघडायची, प्रिंटवर जायचं आणि प्रिंटरच्या यादीत तिथूनच `DIRECT-` वालं नाव निवडायचं. अँड्रॉइडमध्ये हल्ली प्रिंट सर्व्हिस आतच असते. तिच्यात नाव दिसत नसेल तर प्ले स्टोअरवरून Mopria Print Service किंवा कंपनीचं प्लगइन घ्यायचं. पहिल्या वेळी प्रिंटर परवानगी मागतो : कुठे बटण लुकलुकतं ते दाबायचं, कुठे पडद्यावर आलेला पिन मोबाईलमध्ये टाकायचा. हे लगेच करायला लागतं, रेंगाळलं तर जोडणी रद्द होते आणि परत सुरुवात. म्हणून पहिल्यांदा जोडताना माणूस प्रिंटरपाशी उभाच पाहिजे. एकदा ओळख झाली की पुढच्या वेळी बटण लागत नाही.

या वाटेने प्रिंटरशी जोडणी वेगळी राहते आणि मोबाईल डेटा आपल्या जागी चालू राहतो. इकडे पट्टी छापत असतानाच तिकडे शेतकऱ्याच्या खात्यावर पैसे सोडता येतात. दर छपाईच्या आधी जोडायला थोडे सेकंद जातात, तेवढा धीर धरायचा. यादीत प्रिंटर येतच नसेल तर आधी लोकेशन बघा. ऐकायला विचित्र वाटतं, पण अँड्रॉइड 12 पर्यंत आजूबाजूची वाय-फाय डायरेक्ट साधनं शोधायला लोकेशनची परवानगी लागते आणि लोकेशन चालूही असावं लागतं. अँड्रॉइड 13 पासून त्याजागी 'जवळपासची डिव्हाइस' अशी वेगळी परवानगी आली. आमच्या एका हमालाचा फोन केवळ बॅटरी वाचवायला लोकेशन बंद ठेवल्यामुळे प्रिंटर शोधत नव्हता.

आयफोनवाल्यांना मात्र ही दुसरी वाट नाही. त्यांना `DIRECT-` ला पासवर्ड टाकूनच जोडावं लागतं. पुढे एअरप्रिंट आपणहून प्रिंटर दाखवतं, वेगळं ॲप लागत नाही. शेठच्या मुलाकडे आयफोन आहे. तो छापतो आणि लगेच ते नेटवर्क सोडतो.

छपाईच्या दर्जाबद्दल एक गोष्ट मला आवडली. आधी पेढीवर जुना प्रिंटर होता, त्यावर मराठी पट्टीतली जोडाक्षरं कधी कधी फुटायची. इथे तसं कधी झालं नाही, कारण असे घरगुती प्रिंटर फॉन्टच्या भानगडीत पडत नाहीत. मोबाईलच पूर्ण पानाचं चित्र तयार करून पाठवतो. पडद्यावर दिसलं तसंच कागदावर उतरतं. याची दुसरी बाजू अशी की छोटी पीडीएफ वाटेत फुगते. ए4 पान 300 डीपीआयला साधारण 2480 बाय 3508 ठिपक्यांचं होतं. रंगीत म्हटलं की दर ठिपक्याला तीन बाइट, म्हणजे एका पानाचे दाबण्याआधीचे 26 एमबी. ते दाबून पाठवलं जातं खरं, पण पट्टीची फाइल शंभर केबीची असली तरी फोनला काम तेवढंच पडतं. जुन्या स्वस्त फोनवरून वीस पानी स्टेटमेंट छापायला बसलात तर दोन पानांमध्ये प्रिंटर थांबतो, तो याच कारणाने. कृष्णधवल निवडलं की फरक जाणवतो.

यातूनच आणखी एक सवय लावावी लागली. रांगेतली पानं प्रिंटरमध्ये नसतात, फोनमध्ये असतात. प्रिंट सोडून फोन खिशात घालून दुसऱ्या टोकाच्या थप्पीकडे गेलं की पान अर्ध्यात अडकतं. आमच्या गाळ्यात मोकळ्यावर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालतं, पण मधली भिंत ओलांडली की संपलं. शेवटचं पान बाहेर येईपर्यंत जवळ थांबायचं.

कागदाचा आकार एकदा नीट लावून घ्या. प्रिंटच्या पडद्यावर कधी कधी आपोआप Letter निवडलेलं असतं आणि आपल्याकडे ट्रेमध्ये ए4. Letter उंचीला ए4 पेक्षा जवळजवळ पावणेदोन सेंटीमीटरने कमी. त्यामुळे पट्टी लहान होऊन छापली जाते, नाहीतर प्रिंटर कागद जुळत नाही म्हणून दिवा लुकलुकवत बसतो.

गर्दीच्या दिवशी दिसलेली मर्यादा : आमच्या प्रिंटरला एका वेळी पाचच फोन जोडता येतात. पासवर्डच्या वाटेने जोडलेले फोन छपाई झाली तरी जागा अडवून बसतात, आणि सहावा 'जोडत आहे' वर लटकतो. प्रिंटरवरून वाय-फाय डायरेक्ट बंद करून परत चालू केलं की सगळे सुटतात. खऱ्या डायरेक्टच्या वाटेने जोडलेला फोन काम झालं की जागा सोडतो, त्यामुळे ही वेळ हल्ली येत नाही.

पासवर्डचं तेवढं बघाच. आमच्या प्रिंटरचा पासवर्ड आला तेव्हा 12345678 होता, आणि यार्डात शेजारी गाळ्याला गाळा. बदलायला प्रिंटरवरून नेटवर्कची माहिती असलेलं पान छापायचं, त्यावर प्रिंटरचा पत्ता असतो, आमच्या पानावर `192.168.223.1` आहे. पासवर्डने जोडलेल्या फोनच्या ब्राउझरमध्ये तो टाकला की सेटिंगचं पान उघडतं. तिथेच नवीन फोन आपोआप घ्यायचा की बटण दाबल्यावरच, हेही ठरवता येतं. आम्ही बटण ठेवलंय. लक्षात ठेवायचं ते इतकंच की नेटवर्क रीसेट केलं की हे सगळं पुन्हा मूळपदावर येतं.

घ्यायच्या आधी दुकानात एक प्रश्न विचाराच : हा प्रिंटर इंटरनेट कधीच न देता चालेल का? काही मॉडेल सतत इंटरनेट असेल तरच छापतात, अशी अट खोक्यावर बारीक अक्षरात असते. राउटर नसलेल्या जागी ते मॉडेल फुकट. कंपनीचं ॲपही सुरुवातीला राउटरला जोडा म्हणून मागे लागतं. ती पायरी आम्ही सोडून दिली आणि प्रिंटरच्या बटणांवरूनच वाय-फाय डायरेक्ट सुरू केलं.

मोबाईलचा हॉटस्पॉट लावून त्याला प्रिंटर जोडायचा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. चालतं ते, पण ज्याच्या फोनचा हॉटस्पॉट, तो माणूस सौद्याला गेला की प्रिंटर अनाथ. आमच्या कामाला ते जमणारं नव्हतं.

हळदीची भुकटी हा वेगळाच विषय. कागद ओढणारे रबरी रोलर पिवळे पडतात आणि मग एकाऐवजी दोन कागद येतात. जुनी चादर टाकून ठेवतो आणि आठवड्याला ओल्या फडक्याने रोलर पुसतो.

वार्षिक हिशेबाच्या वेळी लॅपटॉपही याच प्रिंटरला जोडून बघितला. विंडोज 11 मध्ये प्रिंटर जोडताना वाय-फाय डायरेक्टचे प्रिंटर दाखवायचा पर्याय आहे, तो चालला, पण लॅपटॉप झोपेतून उठला की जोडणी पुन्हा करावी लागायची. शेवटी लॅपटॉपला यूएसबी केबल लावली. वायरलेस फक्त मोबाईलसाठी ठेवलंय.