इटालियन खुणांचा अर्थ कुठे बघावा: फोनचा कॅमेरा, वहीतली यादी की सर?

जालन्याहून एका पालकांचा मेसेज आला: "सर, पोरगी पान वाजवायलीय, शेवटी एक शब्द आहे, फोन म्हणायलाय 'दंड'. दंड कशाचा?" सोबत पाश्चात्त्य संगीताच्या नोटेशनच्या पानाचा फोटो. पानाच्या तळाशी उजव्या कोपऱ्यात D.C. al Fine असं छापलेलं होतं आणि वर आठव्या बारच्या, म्हणजे उभ्या रेघांमधल्या आठव्या खान्याच्या, शेवटी नुसतं Fine. फोनने तो शब्द इंग्रजी धरला आणि दंड ठोठावला. खरं तर तो इटालियन आहे, उच्चार 'फीने', अर्थ 'शेवट'. पान संपलं की परत पहिल्यापासून सुरू करायचं आणि आठव्या बारवर जिथे फीने लिहिलंय तिथे थांबायचं. पोरगी पान संपलं की हात उचलत होती, म्हणजे तुकडा मध्येच तुटत होता आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता.

हे गृहस्थ स्वतः भजनात पेटी वाजवतात, कानाने पक्के आहेत, पण स्टाफ नोटेशन आणि इटालियन दोन्ही त्यांना नवीन. मुलीचा क्लास आठवड्यातून एकदा, तोही ऑनलाइन. त्यांनी विचारलं, की अशा शब्दांसाठी फोनवर भाषांतर करावं, यादी पाठ करावी की दर वेळी मलाच फोटो पाठवावा? मराठवाड्यातल्या बऱ्याच घरांत हाच प्रश्न आहे, म्हणून तिन्ही वाटा इथे शेजारी ठेवतो.

आधी कॅमेरा, कारण सगळे आधी तोच उघडतात. तो तीन ठिकाणी चुकतो आणि तिन्ही चुका वेगळ्या असतात, म्हणून कोणती झाली ते ओळखलं पाहिजे. पहिली चूक वाचण्यातली. नोटेशनमधले शब्द बारीक, तिरक्या अक्षरांत, पाच रेघांच्या अगदी लगत छापलेले असतात आणि वरून कमानीसारखी स्लरची रेघ जाते. फोनला रेघ आणि अक्षर वेगळं करता येत नाही, मग शब्दातलं एखादं अक्षर गळतं किंवा दोन शब्द चिकटतात. ही चूक लगेच कळते: भाषांतर अगदीच अर्थहीन येतं. उपाय साधा आहे. पान खिडकीशी ठेवायचं, ट्यूबलाइटखाली नाही, फोन पानाला समांतर धरायचा आणि पूर्ण पान न घेता फक्त तो शब्द कापून घ्यायचा. फोटो व्हॉट्सॲपवरून आला असेल तर पाठवणाऱ्याला 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो आणि बारीक अक्षरं आधी मरतात.

दुसरी चूक भाषेची. 'भाषा ओळखा' हा पर्याय चालू असेल तर फोन एकट्या शब्दावरून अंदाज बांधतो. आमचा दंड तिथूनच आला. हळूहळू आवाज कमी करायला सांगणारी dim. ही खूण इंग्रजीत वाचली की 'अंधूक' होते. लोको म्हणजे 'छापलंय त्याच सप्तकात वाजवा', पण स्पॅनिश धरला तर तो 'वेडा' होतो. भाषा हाताने इटालियन निवडली की या गटातल्या बहुतेक चुका थांबतात. एवढं एक केलंत तरी कॅमेरा निम्मा सुधारतो.

तिसरी चूक मात्र सेटिंगने जात नाही. फोन शब्दाचा रोजचा अर्थ देतो, संगीतातला नाही. मोतो म्हणजे गती, पण रस्त्यावरच्या इटालियनमध्ये मोतो म्हणजे मोटरसायकल. दोल्चे म्हणजे कोमलपणे, आणि हॉटेलात गोड पदार्थ. कोडा म्हणजे शेवटी जोडलेला तुकडा, पण एरवी शेपटी, आणि बँकेसमोरची रांगसुद्धा. तेम्पोचं तर विचारूच नका, इटलीत तो 'हवामान' होऊ शकतो आणि आपल्याकडे तो मोंढ्यात उभा असतो. ही चूक ओळखायला अवघड, कारण भाषांतर बरोबरच असतं. वाक्य नीट वाचता येतं आणि तरी काय वाजवायचं ते कळत नाही.

म्हणून सुट्या शब्दांसाठी माझं मत यादीकडे आहे. सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांत जे शब्द पुन्हा पुन्हा येतात ते तीस-पस्तीसच्या पुढे जात नाहीत. वहीच्या मागच्या पानावर उच्चार आणि अर्थ लिहून ठेवले की महिन्याभरात निम्मे तोंडपाठ होतात. गतीचे सहा-सात: लार्गो, अडाजो, अंदांते, मोदेरातो, अलेग्रो, प्रेस्तो. आवाजाचे पियानो म्हणजे हळू आणि फोर्ते म्हणजे मोठ्याने, त्यांची मधली रूपं, वाढत जाणं, कमी होत जाणं. मग जोडशब्द: पोको म्हणजे थोडं, पिऊ म्हणजे जास्त, मेनो म्हणजे कमी, सेम्प्रे म्हणजे कायम, सुबितो म्हणजे एकदम. हे जोडशब्द नीट आले की नवीन ओळ आपोआप उलगडते. मेनो मोस्सो दिसलं की 'कमी चलन', म्हणजे आधीपेक्षा संथ, हे मूल स्वतःच सांगतं. इटालियन माणूस हललेल्या फोटोलाही मोस्सो म्हणतो, पण ते जाऊ द्या.

यादीतही दोन खड्डे आहेत. एक rit. या खुणेचा. ती रितार्दांदोची असू शकते, म्हणजे हळूहळू संथ होत जाणं, किंवा रितेनुतोची, म्हणजे तिथल्या तिथे आवर घालणं. खुणेपुढे तुटक रेघा एक-दोन बारभर गेल्या असतील तर पहिला अर्थ धरावा, आणि सुरुवातीच्या पुस्तकांत बहुतेकदा तोच असतो. पुढे 'आ तेम्पो' आलं की मूळ गतीवर परत यायचं. मुलं नेमकं हेच विसरतात आणि उरलेलं सगळं पान संथ वाजवतात.

दुसरा खड्डा आपल्याकडचाच. जालन्याच्या त्या पालकांनी वहीत स्वतःच लिहून टाकलं होतं: अडाजो म्हणजे विलंबित, अंदांते म्हणजे मध्य, अलेग्रो म्हणजे द्रुत. पेटीवाल्या माणसाला हे सुचणारच. पण मोठ्या ख्यालातल्या विलंबित एकतालाची एक मात्रा चार-पाच सेकंद चालू शकते, तर ठरावीक गतीने ठोके देणाऱ्या मेट्रोनोमवर अडाजोपुढे छापलेला आकडा मिनिटाला 66 ते 76 ठोके, म्हणजे सेकंदाला एकाहून थोडा जास्त. अंदांतेपुढे 76 ते 108, अलेग्रोपुढे 120 ते 168. मुलीने बाबांचं विलंबित ऐकून अडाजो वाजवलं तर सूर एकमेकांना धरून राहणारच नाहीत. यादीत लयीचं नाव लिहू नका, आकडा लिहा. तोही अंदाजच समजा, कारण हे शब्द 1815 साली मेल्त्सेलने मेट्रोनोमचं पेटंट घेण्याच्या फार आधीपासून वापरात होते. अंदांते म्हणजे मुळात 'चालत', आणि चाल माणसागणिक बदलते.

आता जिथे यादी अपुरी पडते आणि कॅमेरा कामाला येतो, ते ठिकाण. पानाच्या माथ्यावर कधी शब्द नसतो, अख्खं वाक्य असतं. बेथोव्हनचा 'मूनलाइट' नावाने ओळखला जाणारा सोनाटा (1801) घ्या. पहिला भाग संथ आहे, बोटं फार पळत नाहीत, म्हणून नवशिके हौसेने पहिलं पान उघडतात. वर लिहिलंय: 'सी देवे सुओनारे तुत्तो क्वेस्तो पेझ्झो देलिकातिस्सिमामेंते ए सेंझा सोर्दिनो.' तीस शब्दांची वही इथे हात टेकते. फोनवर भाषा इटालियन ठेवून ही ओळ कापून दिली तर अर्थ बराचसा बरोबर येतो: हा संपूर्ण तुकडा अतिशय नाजूकपणे आणि म्यूटशिवाय वाजवावा. वाक्य लांब असल्याने फोनला संदर्भ मिळतो, आणि असली ओळ यादीत शोधत बसण्यात काही अर्थ नाही.

घोळ शेवटच्या दोन शब्दांत आहे. सोर्दिनो म्हणजे म्यूट, हे शब्दकोश, यादी आणि फोन तिघंही सांगतील. व्हायोलिनवर ते बरोबरही आहे, घोडीवर बसवायची ती छोटी चिमटी. पण इथे बेथोव्हनला पियानोचे डॅम्पर अभिप्रेत आहेत, म्हणजे तारांवर टेकून आवाज थांबवणाऱ्या नमद्याच्या गाद्या. 'डॅम्परशिवाय' म्हणजे गाद्या उचललेल्या, म्हणजेच उजवं पेडल दाबलेलं. 'म्यूटशिवाय' वाचून मूल नेमकं उलट करतं: पाय पेडलवरून काढून ठेवतं. ऐकून ओळखता येतं. उजव्या हाताचे तीन-तीन सुरांचे गट तुटक, कोरडे वाजतात, जणू कुणी टाइप करतंय.

मग पेडल दाबूनच ठेवायचं का? तेही नाही, आणि इथे तिसरी वाट, म्हणजे सर, लागतेच. बेथोव्हनच्या काळच्या पियानोचा सूर लवकर विरायचा. आजच्या पियानोवर तो बराच वेळ राहतो. पाय न उचलता वाजवलं तर दोन-तीन बारांतच सगळा चिखल होतो. म्हणून आज बहुतेक वादक डाव्या हाताचा खालचा सूर बदलला की पेडल बदलतात. पहिल्या बारमध्ये तो सूर एकच आहे, सी शार्प, म्हणून एकदाच दाबायचं. दुसऱ्यात तो बी वर उतरतो, तिथे उचलून पुन्हा दाबायचं. तिसऱ्या बारमध्ये खालचा सूर दोनदा बदलतो, ए आणि मग एफ शार्प, म्हणून त्या एका बारमध्ये दोन बदल. ही गोष्ट कुठल्याही भाषांतरात येणार नाही, कारण ती त्या ओळीत लिहिलेलीच नाही. सरांना व्हिडिओ कॉलवर पाय दाखवावा लागतो. पाच मिनिटांचं काम, पण आठवडाभर थांबावं लागतं.

जालन्याला मी कळवलं ते असं. मुलीने अनोळखी शब्द आधी वहीत बघावा. वहीत नसेल आणि तो एकटाच असेल, तर भाषा इटालियन ठेवून कॅमेऱ्यात बघावा, पण जो अर्थ येईल त्यावर 'म्हणजे हाताने काय करायचं?' हे विचारावं. उत्तर सुचलं नाही, किंवा मोटरसायकल आणि गोड पदार्थ आले, तर शब्दाला पेन्सिलने गोल करून ठेवावा. पूर्ण वाक्य असेल तर सरळ कॅमेरा. पेडल, धनुकली किंवा म्यूटचा संबंध दिसला तर भाषांतर कितीही छान वाटो, मला फोटो. आणि फोटो डॉक्युमेंट म्हणून.

उत्तर आलं: "सर, वहीतलं विलंबित खोडलं. पण अलेग्रोचा आकडा एकशे वीस पासून अडुसष्ट लिहिलाय, कमी कसा झाला?" पुढचा '1' गळला होता. एकशे अडुसष्ट.