वेबसाइट बिल्डरचं पहिलं वर्ष २११० ला, दुसरं १०,९४४ ला, तेही न विचारता

दापोलीजवळ माझ्या मामाचा होमस्टे आहे, चार खोल्या, त्याची वेबसाइट मी बनवून दिली होती एका ड्रॅग अँड ड्रॉप वेबसाइट बिल्डरवर, तीच कंपनी डोमेन पण देते. कंपनीचं नाव लिहित नाही कारण अशा कंपन्या एक नाहीत, पद्धत सगळीकडे जवळपास हीच आहे. ज्यांनी गेल्या वर्षी ऑफर बघून असं काही घेतलंय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा.

घेताना जाहिरात होती महिना १४९ रुपये, डोमेन फ्री, ईमेल फ्री. महिना म्हणतात पण पैसे वर्षाचे एकदम घेतात, म्हणजे १७८८ अधिक १८ टक्के जीएसटी, साधारण २११० रुपये. ठीक आहे, स्वस्तच आहे. मामाच्या क्रेडिट कार्डवरनं भरले. या वर्षी मामाचा फोन, "अगं ते वेबसाइटवाल्यांनी जवळजवळ अकरा हजार कापलेत, तू काय नवीन घेतलंस का?"

मी लॉगिन करून इनव्हॉइस काढलं. प्लॅन आता महिना ५४९ म्हणजे वर्षाचे ६५८८, "फ्री" डोमेनचे १४९९, "फ्री" ईमेलचे महिना ९९ प्रमाणे ११८८, त्यावर जीएसटी, टोटल १०,९४४ रुपये ५० पैसे. एकाच गोष्टीचे तीन तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा रिन्यूअल रेट लावलाय. हा रेट गेल्या वर्षीच्या पानावर होता का, तर हो, शेवटच्या पेमेंट पानावर प्लॅनच्या रेटखाली फिकट करड्या अक्षरात एक ओळ असते. पण ती फक्त प्लॅनची, डोमेन आणि मेलबॉक्सचा रेट वेगळ्या प्राइस लिस्टमध्ये, आणि तिन्हीची बेरीज कुठेच नाही!!

आता रिमाइंडरचं. कंपनीच्या मेल्स मी इनबॉक्स, स्पॅम, प्रमोशन सगळीकडे शोधल्या. कापायच्या आधीच्या महिन्यात एकच मेल आहे, "तुमच्या सर्व्हिसेस सुरक्षित आहेत, तुम्हाला काही करायची गरज नाही" अशा अर्थाची. रक्कम नाही, तारीख नाही. त्याला रिमाइंडर म्हणायचं असेल तर म्हणा.

पण खरी चलाखी तारखेत आहे, आणि हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. डोमेन एक्स्पायर व्हायला अजून महिनाभर होता, पैसे त्याच्या आधीच कापले. डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्ग अशा डोमेनसाठी आयकॅन या जगभरच्या डोमेन व्यवस्था बघणाऱ्या संस्थेचा नियम आहे की एक्स्पायरीच्या आधी साधारण एक महिना आणि एक आठवडा अशा दोन नोटिसा रजिस्ट्रारने, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीने, पाठवल्याच पाहिजेत. पण पहिल्या नोटिशीच्या आधीच रिन्यू करून टाकलं की एक्स्पायरीची तारीखच वर्षभर पुढे सरकते, मग कसल्या नोटिसा. (डॉट इन ला हा नियम लागू नाही, ते वेगळं खातं.) आपण मात्र शेवटच्या आठवड्यात बघू ठेवायचं की नाही असं मनात धरून बसलेलो असतो.

मला आधी वाटलं आरबीआयचा नियम आहे ना, ओटीपी शिवाय कसे कापले. तर नियम असा आहे की ऑटो पेमेंट पहिल्यांदा चालू करताना ओटीपी लागतो, नंतर १५,००० रुपयांपर्यंत प्रत्येक वेळी लागत नाही, फक्त बँकेने निदान २४ तास आधी मेसेज पाठवायचा, त्यात मर्चंटचं नाव, रक्कम, तारीख हे सगळं. आधी ही मर्यादा ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. आमची रक्कम बरोबर पंधराच्या आत बसली. बँकेचा मेसेज आला होता, मामाच्या फोनमध्ये सापडला, पण त्यात ब्रँडचं नावच नव्हतं, बिलिंग करणाऱ्या कंपनीचं कुठलं तरी तोडलेलं नाव. लोनच्या ऑफरी आणि क्रेडिट कार्डच्या जाहिरातींच्या गर्दीत असा मेसेज कोण वाचणार. आणि मॅन्डेट, म्हणजे ऑटो पेमेंटची परवानगी, देताना रक्कम फिक्स ठेवायची की बदलती, याचे दोन प्रकार असतात, बदलतीला कमाल मर्यादा असते. आमचं बदलतीचं आणि मर्यादा पूर्ण १५,०००. म्हणजे २११० भरताना आपण पंधरा हजारापर्यंत परवानगी देऊन बसलो होतो.

चॅटवर गेले. आधी म्हणे मॅडम तुम्ही टर्म्स ॲक्सेप्ट केल्यात. मग पुढच्या वर्षी ३० टक्के सूट. मी एकच वाक्य धरून ठेवलं, मला सूट नको, वार्षिक प्लॅनचा रिफंड तुमच्याच पॉलिसीत रिन्यूअलपासून ३० दिवसांत आहे, तो द्या. शेवटी प्लॅन आणि ईमेलचे जीएसटीसकट ९१७५ परत आले, डोमेनचे १७६९ नाही, कारण त्यांच्या पॉलिसीत रिन्यू झालेलं डोमेन नॉन रिफंडेबल. रिफंड मागितल्या क्षणी साइट बंद होते हे लक्षात ठेवा, आणि बिल्डरची साइट दुसरीकडे उचलून नेता येत नाही, म्हणून आधी सगळे फोटो, मजकूर, रेट डाउनलोड करून घ्या, मेलबॉक्समधले मेल पण. आम्हाला साइट नकोच होती, बुकिंग फोनवरच येतात, पण डोमेन पाहिजे कारण बोर्डावर आणि कार्डांवर तेच नाव छापलंय.

डोमेन दुसरीकडे न्यायचं असेल तर घाई करू नका. एक्स्पायरीच्या तारखेला रजिस्ट्रीने, म्हणजे त्या डोमेनांची मूळ यादी सांभाळणाऱ्या संस्थेने, आपोआप रिन्यू केलं असेल आणि त्यानंतर ४५ दिवसांच्या आत ट्रान्सफर केलं तर ते रिन्यू केलेलं वर्ष रद्द होतं, पैसे जुन्या रजिस्ट्रारला परत जातात, आपल्याला तो देईल का ते त्याच्या मर्जीवर, आणि नव्या ठिकाणी आपण परत एका वर्षाचे भरतो. आमचं एक्स्पायरीच्या आधीच रिन्यू झालं होतं, तरी सावधगिरी म्हणून आम्ही ४५ दिवस जाऊ दिले मग लॉक काढून ऑथ कोड, म्हणजे डोमेन हलवायला लागणारा पासवर्ड, मागितला. तो पाच दिवसांच्या आत द्यावाच लागतो, टाळाटाळ केली तर आयकॅनकडे तक्रार करता येते.

तक्रार मी ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर केली. नोव्हेंबर २०२३ ला केंद्राने डार्क पॅटर्नबद्दल गाइडलाइन्स काढल्यात, त्यात सबस्क्रिप्शन ट्रॅप हा प्रकार नावासकट आहे, तक्रारीत तो शब्द लिहा आणि दोन्ही वर्षांची इनव्हॉइसं जोडा. कंपनीचं उत्तर आलं, तेच टर्म्सचं तुणतुणं. १७६९ काय मिळाले नाहीत अजून.

लोक म्हणतात ऑटो रिन्यू बंद करा. अर्धवट सल्ला आहे. बंद केलं आणि विसरलात तर डोमेन एक्स्पायर होऊन आधी साइट आणि ईमेल जातात, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शन पीरियड, त्यात सोडवायचं तर रिन्यूअलपेक्षा कितीतरी जास्त फी, आणि त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळं, कुणीही घेऊ शकतं. आम्ही आता असं केलंय की कार्डाच्या बँकेच्या साइटवर जाऊन मॅन्डेट रद्द केलंय (यूपीआयचं असेल तर ॲपमध्ये ऑटोपे सेक्शनमध्ये दिसतं) आणि डोमेन एक्स्पायरीच्या दोन महिने आधी हाताने रिन्यू करायचं. आधी भरलं म्हणून दिवस वाया जात नाहीत, वर्ष जुन्या एक्स्पायरीच्या पुढेच मोजलं जातं.