ऑइल टेस्टिंग की थर्मल कॅमेरा? एका पॉवर पॅकवरून ठरवू

भोसरी किंवा चाकणमधल्या छोट्या कारखान्यात यंत्रांची तब्येत तपासायला वर्षाचं बजेट मोजकंच असतं. त्यात ऑइलचे नमुने लॅबला पाठवायचे, की थर्मल कॅमेरावाल्याला एक दिवस बोलवायचं? दोन्हीला ‘कंडिशन मॉनिटरिंग’ म्हणतात, पण दोघांची उत्तरं वेगळ्या प्रश्नांची असतात. एकाच यंत्रावर दोन्ही लावून पाहिलं की हे स्पष्ट होतं.

उदाहरणाला हायड्रॉलिक प्रेस आणि त्याला दाबाचं ऑइल पुरवणारा पॉवर पॅक घेऊ. टाकीत ३५० लिटर ऑइल, व्हीजी ४६, म्हणजे ४० अंशांना व्हिस्कॉसिटी ४६, कामाचा दाब १५० बार. दुपारपर्यंत टाकी ६२ अंशांवर जाते आणि प्रेस मंद होतो. पूर्वी ती ५० च्या आसपास थांबायची.

कॅमेरा इथे पाच मिनिटांत दिशा दाखवतो. ऑइल काहीही काम न करता दाबाखालून सुटतं, तेव्हा दाबाची सगळी ऊर्जा उष्णता बनते. दर १०० बारला ऑइल साधारण ६ अंशांनी तापतं, म्हणजे १५० बारला ९. प्रेस दाब धरून असताना जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून टाकीकडे जाणारा पाइप टाकीपेक्षा आठ-नऊ अंश गरम दिसला, तर तो व्हॉल्व्ह गळतोय. तो पाइप टाकीइतकाच असेल, तर संशय सिलिंडरच्या सीलवर किंवा पंपावर न्यावा. गळती मिनिटाला १० लिटर धरली, तर १५० बारला अडीच किलोवॅट उष्णता टाकीत जाते. दोन किलोवॅटचा गीझर दिवसभर चालू ठेवण्यापेक्षाही हे जास्त झालं.

पण व्हॉल्व्ह का गळतोय, हे कॅमेरा सांगू शकत नाही. सेटिंग कामाच्या दाबाच्या फार जवळ असेल, स्प्रिंग थकली असेल किंवा सीट कचऱ्याने कापली गेली असेल. तिन्हीचं चित्र सारखंच येतं.

आता त्याच प्रेसचा ऑइल रिपोर्ट असा आला असं समजा: ४० अंशांना व्हिस्कॉसिटी ४४, ऑइलमधल्या कणांची संख्या सांगणारा आयएसओ स्वच्छता कोड २२/२०/१७, सिलिकॉन २८ पीपीएम, लोह १९. त्याच ब्रँडच्या, भरताना गाळलेल्या नव्या ऑइलचा कोड १८/१६/१३, सिलिकॉन ४ आणि लोह जवळपास शून्य. व्हिस्कॉसिटी दहा टक्क्यांच्या आत आहे, म्हणजे त्या बाबतीत ऑइल चांगलं आहे. कोड मात्र चार अंकांनी वर गेलाय. दर अंकाला कणांची संख्या दुप्पट होते, म्हणजे कचरा सोळापट झाला. सिलिकॉन आणि लोह सोबत वाढणं हे बाहेरची धूळ आत येऊन धातू घासत असल्याचं लक्षण. नुसतं सिलिकॉन वाढलं असतं, तर आधी सीलंटवर किंवा टॉप-अपला वापरलेल्या वेगळ्या ऑइलवर संशय घेतला असता, कारण फेस न येण्याच्या अ‍ॅडिटिव्हमध्येही सिलिकॉन असतं. नव्या ऑइलचा नमुना आधी तपासून ठेवायचा तो यासाठीच.

दोन्ही एकत्र वाचले की काम ठरतं. टाकीत हवा आत-बाहेर करणारा ब्रीदर बदला, सिलिंडर रॉडचं वायपर सील पाहा, बाहेरून फिल्टर गाडी लावून ऑइल गाळा आणि मग रिलीफ व्हॉल्व्हची सीट दुरुस्त करा. ऑइल किती खराब झालंय ते दाखवणारा आम्लांकही ठीक असेल, तर ३५० लिटर फेकण्याची गरज नाही. फक्त कॅमेऱ्यावर विसंबून व्हॉल्व्ह बदलला असता, तर त्याच धुळीने नवा व्हॉल्व्हही कापला असता. फक्त रिपोर्टवर ऑइल गाळलं असतं, तर कापलेली सीट तशीच गळत आणि टाकी तापत राहिली असती.

ऑइलच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका नमुना घेतानाच होतात. ड्रेन प्लगमधून घेतलेल्या नमुन्यात तळाचा गाळ येतो आणि लोहाचा आकडा घाबरवतो. यंत्र चालू आणि गरम असताना, रिटर्न फिल्टरच्या आधी, कमी दाबाच्या लाइनवर बसवलेल्या टेस्ट पॉइंटवरून नमुना घ्या. दाबाच्या बाजूची लाइन चालू यंत्रावर कधीही सोडू नका, ऑइलची बारीक धार कातडीखाली शिरते. आधी थोडं ऑइल वाहू देऊन फेका, मग लॅबचीच कोरडी बाटली पाऊण भरा. डिझेलने धुतलेली पाण्याची बाटली वापरली, तर व्हिस्कॉसिटी खोटी कमी येते. बाटलीवर यंत्र, ऑइलचे तास आणि शेवटचा टॉप-अप लिहा. टॉप-अप झाल्या झाल्या घेतलेला नमुना सगळं छान असल्याचं सांगतो. एका रिपोर्टवर फारसं ठरत नाही. दर तीन महिन्यांनी, त्याच जागेवरून घेतलेले तीन नमुने झाले की कल दिसायला लागतो. जून ते सप्टेंबरमध्ये पाण्याची चाचणीही मागा, ब्रीदरमधून दमट हवा आत जात असते.

कॅमेऱ्याची खरी जागा मात्र प्रेसपेक्षा इलेक्ट्रिक पॅनेलमध्ये आहे, तिथे ऑइल टेस्टिंगचा काहीच उपयोग नाही. समजा, २२ किलोवॅटच्या मोटरच्या फीडरवर आर आणि वाय फेजचे लग, म्हणजे केबलच्या टोकाचे जोड, ४६-४७ अंश आहेत, बी फेजचा ७८. आधी क्लॅम्प मीटर लावा. तिन्हींवर प्रवाह सारखाच, २४ अँपिअर असेल आणि उष्णता लगवर सर्वाधिक असून केबलवर पुढे कमी होत असेल, तर जोड सैल किंवा काळवंडलेला आहे. पूर्ण केबलच गरम असेल, तर दोष प्रवाहाच्या असमतोलात शोधा. सारख्या भाराखालच्या दोन फेजमध्ये १५ अंशांहून जास्त फरक गंभीर मानतात. इथे तो ३१-३२ आहे, आणि तोही मोटर पूर्ण भाराच्या साधारण ६० टक्क्यांवर असताना. ४० अँपिअरला तो दुपटीहून जास्त होईल, कारण उष्णता प्रवाहाच्या जवळपास वर्गाने वाढते. अशा लगसाठी पुढच्या सर्व्हिसची वाट पाहू नये.

म्हणूनच पाहणी गुरुवारी ठेवू नका. पिंपरी-चिंचवड पट्ट्यात बहुतेकांची सुट्टी गुरुवारी असते, पॅनेलवर भार नसतो आणि सगळं थंड, निर्दोष दिसतं. किमान ४० टक्के भार हवा. गुरुवारचा उपयोग वेगळा आहे. पुरवठा तोडून, टेस्टरने खात्री करून, चकचकीत तांब्याच्या आणि अ‍ॅल्युमिनियमच्या बसबारवर काळ्या इन्सुलेशन टेपचा लहान तुकडा चिकटवा. चकचकीत धातू स्वतःची उष्णता फार कमी बाहेर टाकतो आणि समोर उभ्या माणसाची परावर्तित करतो, त्यामुळे ९० अंशांचा जोडही ४० दिसू शकतो. टेपवरचं तापमान भरवशाचं असतं. कॅमेरा काचेतून किंवा अ‍ॅक्रेलिकच्या झाकणातून आतलं पाहू शकत नाही, म्हणून शुक्रवारी, पूर्ण शिफ्ट चालू असताना, आर्क फ्लॅश, म्हणजे विजेच्या स्फोटक ठिणगीपासून वाचवणारी साधनं घातलेल्या प्रशिक्षित माणसानेच पॅनेल उघडावं.

बजेट एकाचंच असेल, तर पहिल्या वर्षी सगळ्या पॅनेलची एक थर्मल पाहणी करा. दिवसात उरकते, दोष लगेच दिसतो आणि सैल जोडाची आग ही कारखाना थांबवणारी गोष्ट आहे. पाठोपाठ १०० लिटरहून मोठ्या टाक्यांचे नमुने सुरू करा. बेअरिंग किंवा गिअर बाहेरून गरम दिसेपर्यंत झीज बरीच पुढे गेलेली असते, ऑइलमध्ये ती त्याआधी दिसते. एक अपवाद: दोन-तीन लिटरच्या कन्व्हेयर गिअरबॉक्सना दोन्हीपैकी काहीच लावू नका, ऑइल वेळेवर बदलणं स्वस्त पडतं. लोखंडाचे मोठे तुकडे नेहमीच्या स्पेक्ट्रोमीटर चाचणीत तसेही फारसे मोजले जात नाहीत, ती आठ-दहा मायक्रॉनच्या पुढे आंधळी होते. मोठ्या गिअरबॉक्सचा नमुना पाठवताना असे मोठे लोखंडी कणही मोजणारा पीक्यू इंडेक्स वेगळा मागून घ्या.