नायट्रोजनचा B कुठून घ्यावा: तक्त्यातल्या a-b वरून, जुळवून काढलेल्या a-b वरून, की थेट मोजलेला?

पात्रात कोरडा नायट्रोजन भरलाय, दाब आणि तापमान मोजलंय, आणि आत नेमके किती मोल आहेत ते हवंय. आदर्श वायूचं सूत्र पुरेसं वाटत नाही, म्हणून पहिली दुरुस्ती करायची. त्यासाठी दुसरा व्हिरियल सहगुणक B लागतो. पुस्तकाच्या मागच्या तक्त्यात व्हॅन डर वाल्सचे a आणि b दिलेले असतात, त्यामुळे हात आपोआप तिकडेच जातो. तिथून घेतलेला B कधी चालतो आणि कधी नाही, हे नायट्रोजनवरच पाहू.

व्हॅन डर वाल्सचं समीकरण घनतेच्या चढत्या घातांत मांडलं की पहिल्या दुरुस्तीचा सहगुणक लगेच समोर येतो:

```
Z = PV/nRT = 1 + (b - a/RT)(n/V) + b²(n/V)² + ...
B(T) = b - a/RT
B = 0  =>  T_B = a/(R b)
```

b म्हणजे रेणूंनी एकमेकांसाठी अडवलेली जागा, आणि a/RT म्हणजे त्यांची ओढ. तापमान वाढलं की ओढीचा वाटा घटतो. दोन्ही बरोबरीला येतात ते बॉइल तापमान. तिथे कमी दाबाला वायू जवळजवळ आदर्श वागतो.

नायट्रोजनसाठी तक्त्यात a = १.३७० लिटर²·बार/मोल² आणि b = ०.०३८७ लिटर/मोल. R = ०.०८३१४५ लिटर·बार घेतला की T_B येतं ४२६ केल्व्हिन. इथे एक सावधगिरी हवी. a लिटर-बारमध्ये ठेवून R मात्र ८.३१४ घेतला, तर उत्तर ४.२६ केल्व्हिन येतं. ही चूक मी वहीत इतक्यांदा पाहिलीय की आता आधी ताळाच करतो: तक्त्यातल्या स्थिरांकांवरून येणारं बॉइल तापमान नेहमी क्रांतिक तापमानाच्या २७/८ पट, म्हणजे ३.३७५ पट यायला हवं. नायट्रोजनचं क्रांतिक तापमान १२६.२ केल्व्हिन, म्हणून ४२६. जुळलं, म्हणजे एककं बरोबर आहेत.

एककं बरोबर असली तरी उत्तर बरोबर आहे असं नाही. मोजलेलं बॉइल तापमान आहे ३२७ केल्व्हिन. तक्त्याचं उत्तर शंभर अंशांनी वर जातं.

हा फरक कुठे बोचतो ते पाहा. पात्र १० लिटरचं, तापमान ३७३ केल्व्हिन, दाब १० बार. आदर्श सूत्राने ३.२२४ मोल. तक्त्यातल्या a-b वरून B = −५.५ घन सेंमी प्रति मोल, म्हणून Z = ०.९९८ आणि ३.२३० मोल. मोजलेला B आहे +६.२, म्हणून Z = १.००२ आणि ३.२१८ मोल. इथे चिन्हच उलटं आहे. दुरुस्ती चुकीच्या दिशेने झाली आणि काहीच न करता जेवढी चूक राहिली असती, त्याच्या जवळपास दुप्पट चूक पदरात पडली. ३२७ आणि ४२६ यांच्या मधल्या सगळ्या पट्ट्यात नायट्रोजनचं असंच होतं. म्हणून तक्त्याचे a-b वापरणाऱ्याने आधी विचारावं: माझं तापमान या पट्ट्यात आहे का?

आता B च्या किमती शेजारीशेजारी ठेवू, सगळ्या घन सेंमी प्रति मोलमध्ये:

| तापमान (केल्व्हिन) | मोजलेला B | तक्त्यातले a-b | जुळवलेले a-b |
|---|---|---|---|
| १०० | −१६० | −१२६ | −११८ |
| २७३ | −१०.५ | −२१.७ | −१०.५ |
| ३७३ | +६.२ | −५.५ | +६.२ |
| ६०० | +२१.७ | +११.२ | +२३.४ |

२७३ ते ६०० या ओळींत मोजलेल्या आणि तक्त्यातल्या रकान्यांची वजाबाकी करा: ११.२, ११.७, १०.५. फरक जवळजवळ ठरावीक आहे. म्हणजे तापमानाबरोबर B कसा बदलतो हे तक्त्यातला a ठीक सांगतो. चुकतो तो b, आणि तो सुमारे ११ घन सेंमीने लहान आहे.

याचं कारण ते a-b येतात कुठून यात आहे. तक्त्यातले स्थिरांक सहसा क्रांतिक बिंदूवर बसवलेले असतात, a = 27R²Tc²/64Pc आणि b = RTc/8Pc या सूत्रांनी. क्रांतिक बिंदूपाशी रेणूंची गर्दी असते. तिथे एकाची अडवलेली जागा दुसऱ्याच्या जागेवर चढते, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याची अडचण कमी भरते. B ला मात्र विरळ वायूतल्या सुट्या जोड्यांचा हिशोब हवा, तिथे पूर्ण जागा मोजली पाहिजे. गर्दीत ठरवलेला b विरळ वायूला तोकडा पडणारच.

म्हणून दुसरा मार्ग: सूत्र तेच ठेवायचं, पण a-b मोजलेल्या B वरूनच काढायचे. २७३ आणि ३७३ च्या दोन किमती पुरतात. फरक १६.७, त्याला (१/२७३ − १/३७३) ने भागलं की a/R = १७००५ घन सेंमी·केल्व्हिन. मग b = ६.२ + १७००५/३७३ = ५१.८. a येतो १.४१४, तक्त्यातल्या १.३७० च्या अगदी जवळ. T_B = १७००५/५१.८ = ३२८ केल्व्हिन, प्रत्यक्षापेक्षा एका अंशाने वर. दोन मोजमापांवर एवढं मिळत असेल, तर मला हा व्यवहार आवडतो.

पण याच जोडीने क्रांतिक तापमान काढलंत तर ९७ केल्व्हिन येईल, १२६ नाही. ही जोडी फक्त विरळ वायूसाठी, आणि जिथे जुळवली त्याच्या आसपासच. १०० केल्व्हिनला ती तक्त्यापेक्षाही वाईट ठरते. थंड वायूत रेणू एकमेकांपाशी जास्त रेंगाळतात, त्यामुळे खरा B हा १/T पेक्षा वेगाने खाली जातो. b − a/RT या साच्यात तेवढी वाकण्याची सोयच नाही, कुठलेही a-b घाला. तिथे मोजलेली किंमतच घ्यावी. ती नसेल तर पिट्झर पद्धतीचं सूत्र, ज्याला क्रांतिक तापमान, क्रांतिक दाब आणि अकेंद्रीयता गुणक लागतो. नायट्रोजनसाठी ते १०० केल्व्हिनला सुमारे −१६७ देतं आणि ३७३ ला सुमारे +४, म्हणजे चिन्हही बरोबर.

दुसऱ्या वायूंवर हे तसंच्या तसं लावू नका. हायड्रोजनचं तक्त्यावरून बॉइल तापमान १११ केल्व्हिन येतं आणि मोजलेलं ११० आहे, पण हा योगायोग आहे. हेलियमचं गणित उलट्या बाजूला चुकतं: १७.५ येतं, मोजलेलं २२.६. कार्बन डायऑक्साइडला तक्ता १०२५ म्हणतो, प्रत्यक्षात ७१५.

तेव्हा परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत, किंवा वायू बदलला तर B कुठल्या दिशेला सरकेल एवढंच हवं असेल, तर तक्त्यातले a-b बिनधास्त वापरा. खोलीच्या तापमानापासून दोनेकशे अंश सेल्सिअसपर्यंत, १० बारच्या आत, एकाच वायूवर रोज काम असेल तर एकदा बसून दोन मोजलेल्या किमतींवरून स्वतःची जोडी काढा आणि वहीच्या पहिल्या पानावर तापमानाच्या मर्यादेसकट लिहून ठेवा. दाब ५० बारच्या घरात गेला तर B एकटा पुरत नाही, तिसरा सहगुणकही घ्यावा लागतो.