एचसी-एसआर०४, थंडी ते मे: सेन्सर ठीक आहे, डावीकडची भिंत खोटी होती

दुकानदाराने बघितलंसुद्धा नाही. "डावा सेन्सर गेलाय, नवीन घेऊन जा." शंभराच्या आतली वस्तू आहे, मान्य, पण चालू सेन्सर फेकून नवीन घ्यायचे पैसे माझ्याकडे नाहीत. घरी येऊन डावा आणि उजवा अदलाबदल करून बसवले. रोग डावीकडेच राहिला. म्हणजे सेन्सर गेलेला नाही, एवढं तिथेच कळलं.

माझ्या छोट्या रोबोवर आवाज सोडून प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारे असे तीन सेन्सर आहेत: एक सरळ समोर, दोन पंचेचाळीस अंशांत तिरके. अकोल्याच्या घरातल्या लांब व्हरांड्यात तो फिरतो. तक्रार अशी की डावीकडे सगळं मोकळं असताना डावा मधूनच ७६ सेंटिमीटरवर काहीतरी आहे म्हणायचा आणि रोबो उगाच उजवीकडे वळायचा. गंमत म्हणजे हे समोर कुंडी आली की व्हायचं, नाहीतर नाही. या कुंडीवरच माझा निम्मा हिवाळा गेला, त्यामुळे हा रिव्ह्यूही बराचसा तिच्याबद्दलच आहे.

झालं होतं ते असं. वेग मिळावा म्हणून मी समोरचा सेन्सर वाजवल्यावर १० मिलिसेकंदांनी डावा वाजवत होतो. कुंडी ८० सेंटिमीटरवर, तिचा प्रतिध्वनी साडेचार मिलिसेकंदांच्या आसपास येतो आणि समोरच्या सेन्सरचं काम संपतं. पण आवाज तिथे संपत नाही. कुंडीच्या कडेने गेलेला भाग अडीच मीटरवरच्या भिंतीवर आपटून साधारण १४.४ मिलिसेकंदांनी परत येतो. तोवर डावा वाजून ४.४ मिलिसेकंद झालेले असतात. सगळे सेन्सर ४० किलोहर्ट्झवरच बोलतात, त्यामुळे हा आवाज आपला की शेजाऱ्याचा हे डाव्याला ओळखता येत नाही. तो ४.४ मिलिसेकंद मोजतो आणि ७६ सेंटिमीटर सांगून मोकळा होतो.

खात्री करायची युक्ती फुकट आहे. रोबो एका जागी ठेवा आणि दोन सेन्सर वाजवण्यामधला वेळ १० वरून १३ मिलिसेकंद करा. खरी वस्तू असेल तर आकडा हलणार नाही. माझा ७६ वरून थेट २५ वर आला. तीन मिलिसेकंद म्हणजे जाऊन-येऊन सुमारे ५२ सेंटिमीटर, हिशोब तंतोतंत जुळला.

आता जो तो सांगतो तो मीडियन फिल्टर. तीन मापं घ्या, मधलं धरा. एखादंच माप उडालं तर हे छान चालतं, पण माझं भूत प्रत्येक फेरीत ७६ म्हणत होतं. तीनही मापं ७६ असतील तर मधलंही ७६च येणार! आधी भुताला अस्थिर करावं लागतं. मी दोन सेन्सरमधला वेळ ४० मिलिसेकंद केला आणि त्यात दर वेळी शून्य ते आठ मिलिसेकंदांची यादृच्छिक भर टाकली:

```cpp
delay(40 + random(0, 9));
```

उशिरा येणारं भूत आता प्रत्येक मिलिसेकंदामागे १७ सेंटिमीटर सरकतं, खरी वस्तू जागच्या जागी राहते. शेवटच्या तीनपैकी दोन मापं पाच सेंटिमीटरच्या आत जुळली तरच माप धरायचं, नाहीतर 'माहीत नाही' समजायचं आणि वेग कमी करायचा. तीन सेन्सरची फेरी आता १३० मिलिसेकंदांच्या पुढे जाते. सेकंदाला २५ सेंटिमीटर चालणारा रोबो तेवढ्यात साडेतीन सेंटिमीटर सरकतो, हे मला परवडतं. माहितीपत्रकात ६० मिलिसेकंद सुचवलेत ते उगाच नाहीत. तुमची खोली मोठी आणि रिकामी असेल तर तेवढेच ठेवा.

या ४० चा आणखी एक फायदा. प्रतिध्वनी आलाच नाही तर इकोची पिन सुमारे ३८ मिलिसेकंद वरच राहते, त्याआधी नवीन माप सुरू करायला दिलेला ट्रिगर वाया जातो. काही स्वस्त नकलांमध्ये ती याहून बरीच जास्त वेळ वर राहते, म्हणून ट्रिगर देण्याआधी पिन खाली आली का ते बघाच. आणि ही पिन किती वेळ वर राहिली ते मोजणारं `pulseIn` वेळ संपल्यावर शून्य परत देतं, ते शून्य सेंटिमीटर नव्हे. गुळगुळीत भिंतीकडे रोबो तिरका असला की आवाज दुसरीकडेच निसटतो आणि हे शून्य हमखास मिळतं. तिथे ब्रेक मारणारा रोबो पाहिला की कोडमध्ये काय लिहिलंय ते न बघता कळतं.

इथवर डिसेंबरमध्ये लिहून ठेवलं होतं, आणि तापमानाबद्दल 'अडथळे टाळायला काही गरज नाही' असं एक वाक्य. एप्रिल-मेनंतर ते थोडं बदलतो. आवाजाचा वेग हवेच्या तापमानाबरोबर बदलतो, आणि मायक्रोसेकंदांचे सेंटिमीटर करायला सगळ्यांच्या कोडमध्ये असतो तो ५८ ने भागण्याचा आकडा हवा साधारण २२ अंशांची धरतो. इथे जानेवारीच्या पहाटे १२ आणि मेच्या दुपारी ४३. पंधरा सेंटिमीटरवर थांबायचं असेल तर दोन्ही टोकांत एक सेंटिमीटरचाही फरक नाही, सोडून द्या. पण भिंतींची मापं घेऊन नकाशा काढायचा तर तीच दोन मीटरवरची भिंत थंडीत २०४ आणि उन्हाळ्यात १९३ दिसते. हे अकरा सेंटिमीटर मला सोडवेनात. सुधारणा दोन ओळींची आहे:

```cpp
float c = 331.3 + 0.606 * tempC;
float cm = echoUs * c / 20000.0;
```

तापमान कुठे मोजता याला मात्र महत्त्व आहे. तापमापक मोटर ड्रायव्हरच्या हीटसिंकजवळ असेल आणि हवेपेक्षा दहा अंश जास्त दाखवत असेल, तर दोन मीटरला साडेतीन सेंटिमीटरची चूक येते, म्हणजे भिंत आहे त्याहून लांब वाटते. हवा बावीस अंशांच्या आसपास असेल तर त्यापेक्षा न सुधारलेलं बरं. मी डीएस१८बी२० हा तापमापक वायर लांब करून पुढे, सावलीत लटकवला. एक अंशाची अचूकता पुरते. प्रतिध्वनी क्षीण असला की मॉड्यूल तो एक लाट उशिराच पकडतं आणि माप तसंही चार मिलिमीटरने उडी मारतं, त्यामुळे दशांशांच्या मागे लागू नका. आणि हा तापमापक पूर्ण अचूकतेवर एका मापाला पाऊण सेकंद घेतो. लायब्ररी तेवढा वेळ थांबून राहते आणि रोबो जवळपास १९ सेंटिमीटर आंधळा चालतो! `setWaitForConversion(false)` लिहा आणि आकडा नंतर सावकाश उचला, हवा काही मिनिटामिनिटाला बदलत नाही.

लेझरवाला व्हीएल५३एल०एक्स घे असं दोघातिघांनी सांगितलं. किंमत दुपटी-तिपटीची, आणि थेट उन्हात त्याचा पल्ला आखडतो. माझ्या व्हरांड्यात दुपारभर ऊन असतं. नको.

पडद्यापुढे मात्र माझा सगळा खटाटोप थकला. जाड सुती पडदा आवाज गिळतो आणि जुळायला मापंच येत नाहीत. तिथे पुढे एक मायक्रोस्विच लावून धडकू देतो. सेन्सरला पाचपैकी चार तारे. मागच्या बाजूसाठी आणखी एक सेन्सर मागवला आहे, त्या दुकानातून नाही.